अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता बिलावर छापा: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. महापालिका आयुक्त यांस,
(प्रत: नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन)

स.न.वि.वि.

यंदाच्या घरपट्टीच्या बिलामागे आपल्या करसंकलन विभागाने एक नवी सूचना छापली आहे. ‘नागरिकांनी मिळकतकर व पाणीपट्टी महापालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावी. इतर संकेतस्थळांवर भरलेल्या रकमेस महापालिका जबाबदार राहणार नाही.’ सूचना वाचून मी बिल उलटसुलट करून पाहिले. कर आकारणीचा तक्ता आहे, क्षेत्रीय कार्यालयाचा दूरध्वनी आहे, कचरा वेगळा करण्याचे आवाहन आहे, कोपऱ्यात एक क्यूआर कोडही आहे. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता मात्र कुठेच नाही. जबाबदारी झटकायला दोन ओळी सापडल्या आणि पत्त्याला एक ओळ सापडली नाही, हे मला मुकाट्याने सोडून देता येत नाही.

शहराचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. राज्यातल्या इतर आयुक्तांना आणि नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे असे वाटले, तर ते बरेच होईल.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगते. मी बँकेतून निवृत्त झाले आणि आता आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सचिव आहे. सोसायटीत ज्येष्ठ नागरिक बरेच, त्यातल्या अनेकांची मुले परगावी किंवा परदेशी. एप्रिल-मे महिन्यात बिले आली की माझ्या दाराची बेल वाजते. ‘एवढे मोबाइलवर भरून द्या हो.’ जे विचारायला येतात त्यांचे काम होऊन जाते. काळजी वाटते ती जे स्वतःहून शोधून भरतात त्यांची.

आमच्या शेजारच्या काकूंचेच घ्या. त्यांचे वर्षाचे बिल 12,400 रुपये होते. त्यातला सर्वसाधारण कर 6,200 रुपये, आणि 31 मेच्या आत भरले तर त्यावर 5 टक्के, म्हणजे 310 रुपये सवलत. म्हणजे 12,090 रुपये भरायचे. काकूंनी 29 मे रोजी मोबाइलवर शहराचे नाव आणि ‘प्रॉपर्टी टॅक्स ऑनलाइन’ असे टाकून शोधले. सगळ्यात वर जे आले त्यावर बोट ठेवले. पानावर शहरातल्या ओळखीच्या वास्तूचे चित्र होते, आपल्या पालिकेच्या मुद्रेसारखी दिसणारी मुद्रा होती, मराठीत ‘घरपट्टी भरा’ असे बटण होते. मिळकत क्रमांक विचारला, मोबाइल क्रमांक विचारला, रक्कम मात्र काकूंनाच टाकायला सांगितली. वर 249 रुपये सेवा शुल्क. एकूण 12,339 रुपये गेले आणि पावती आली.

ही सरळ चोरी असती तर पोलिसांत जाता आले असते. तशी ती नव्हती. पानाच्या अगदी तळाशी, बारीक करड्या अक्षरांत, ‘आमचा कोणत्याही शासकीय संस्थेशी संबंध नाही’ असे इंग्रजीत लिहिलेले होते. त्या कंपनीने पैसे घेतले, काही दिवस ठेवले आणि 4 जूनला पालिकेकडे भरले. तोपर्यंत सवलतीची मुदत संपली होती, त्यामुळे पालिकेच्या खात्यात मागणी पुन्हा 12,400 झाली होती. जमा झाले 12,090. उरले 310. सवलतीचे 310 रुपये त्या दिवसापासून थकबाकी म्हणून काकूंच्या नावावर बसले आणि त्यावर महिन्याला 2 टक्के शास्ती सुरू झाली.

महिन्याला 6 रुपये 20 पैसे. ऐकायला हसू येईल. पण काका गेल्यावर घर काकूंच्या नावावर करून घ्यायचे होते आणि त्या हस्तांतरणाच्या अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. दाखल्याच्या खिडकीवर त्यांना कळले की आपण थकबाकीदार आहोत. हातातली पावती त्यांनी दाखवली. कर्मचारी म्हणाले, ही आमची पावती नाही, त्या कंपनीला विचारा. कंपनीचे उत्तर ईमेलने आले की रक्कम पालिकेकडे जमा केली आहे, पालिकेला विचारा. दोघेही खरेच सांगत होते.

कर्मचाऱ्यांना दोष नाही. ती पावती खरोखरच पालिकेची नव्हती, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे. पालिकेच्या पावतीवर रक्कम करवार फोडलेली असते: सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिस्सारण, वृक्ष कर, शिक्षण कर, आणि मिळकत निवासी नसेल तर रोजगार हमी कर. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य शासनाचे असतात, पालिका ते फक्त गोळा करून पुढे देते, म्हणून तिला ही फोड करावीच लागते. शिवाय कोणत्या वर्षाचा भरणा आणि मागची थकबाकी किती वळती केली, तेही त्यात येते. मधल्या कंपनीच्या पावतीवर एकच आकडा आणि तिचा स्वतःचा व्यवहार क्रमांक असतो. ही खूण काकूंना कोणी सांगितली होती? आपल्या बिलावर तर ती नव्हती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की आम्हाला ‘अधिकृत’ शोधायला सांगता, पण ते शोधण्याची जागा तुम्ही इतरांना मोकळी सोडली आहे. शोधयंत्रात वरच्या एक-दोन ओळी बहुतेक वेळा जाहिरातीच्या असतात, वर छोटेसे ‘प्रायोजित’ असते. ज्याने पैसे दिले तो वर येतो. पालिका तिथे नसते, कारण पालिकेला जाहिरात करायची गरज वाटत नाही. त्यात शहरांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा घोळ. मुंबईकर आपल्या पालिकेला बीएमसी म्हणतात, पण bmc.gov.in उघडले तर भुवनेश्वरची महापालिका समोर येते. मुंबईचा पत्ता mcgm.gov.in वर आहे. nmc.gov.in नाशिकचा, नागपूरचा nmcnagpur.gov.in, आणि नवी मुंबईचा nmmc.gov.in. हे सगळे पत्ते खरे आणि शासकीयच आहेत. नागपूरचा माणूस नाशिकच्या पानावर गेला तर पैसे बुडणार नाहीत, त्याचा मिळकत क्रमांक तिथे सापडणार नाही एवढेच. पण दोनदा ‘माहिती उपलब्ध नाही’ असे दिसले की माणूस पुन्हा शोधायला बसतो आणि या वेळी जे पान पटकन रक्कम स्वीकारते तिथे भरून मोकळा होतो. जाहिरातवाल्याला हेच हवे असते.

दुसरी तक्रार पत्त्याच्या शेपटीची. शासन सगळीकडे सांगते की gov.in पाहून विश्वास ठेवा, आणि ते बरोबर आहे. gov.in ची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होते आणि ती फक्त शासकीय संस्थांनाच मिळते. .com, .org, .in हे मात्र कोणीही काहीशे रुपयांत घेऊ शकतो. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही शासकीय स्थळे gov.in वर असावीत असेच म्हटले आहे. आणि तरी आपल्याकडे काय आहे? मुख्य संकेतस्थळ gov.in वर, पण ‘कर भरा’ दाबले की पान भलत्याच .com वर उघडते, कारण ते काम ज्या कंपनीला दिले तिने तेव्हा जो पत्ता मिळाला तो घेतला. हे एका शहरापुरते नाही. पुण्याचे मुख्य स्थळ pmc.gov.in आहे, मिळकतकर मात्र वर्षानुवर्षे propertytax.punecorporation.org वर भरला जातो. हाही पत्ता अस्सलच आहे, पण जो नागरिक ‘फक्त gov.in’ हा नियम मनापासून पाळतो त्याने त्याच्याकडे संशयानेच पाहायला हवे. मुंबईचे तेवढे बरे: मालमत्ता कर ptaxportal.mcgm.gov.in वर आणि पाण्याचे बिल aquaptax.mcgm.gov.in वर. पाने दोन, पण शेपूट एकच.

पत्ता कसा वाचायचा तेही कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. https:// च्या नंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग बघायचा आणि तो शेवटाकडून वाचायचा. अगदी शेवटी .gov.in असेल तर ते शासकीय. मध्ये कुठे gov.in असून उपयोग नाही. हे दोन पत्ते पाहा:

```
https://ptaxportal.mcgm.gov.in/CitizenPortal
https://mcgm.gov.in.example.com/pay
```

पहिला मुंबई महापालिकेचा. दुसऱ्यात mcgm.gov.in ही अक्षरे आहेत, पण मालक example.com आहे, त्याच्या आधीचे सगळे त्याने हवे तसे लिहिले आहे. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाने फसू नये. कुलूप इतकेच सांगते की तुमचा आणि त्या पानाचा संवाद मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही. पान कोणाचे आहे हे ते सांगत नाही, भामट्याच्या पानालाही कुलूप मिळते. मोबाइलवर तर पत्त्याची पट्टी इतकी अरुंद की बरेचदा त्याचा एक तुकडाच दिसतो. पट्टीवर बोट ठेवले की पूर्ण पत्ता उघडतो.

तिसरी तक्रार, योग्य ठिकाणी पोचल्यानंतरची. पालिकेच्या खऱ्या पानावर मिळकत क्रमांक टाकला, मालकाचे नाव आणि रक्कम बरोबर आली, ‘भरा’ दाबले, आणि पत्ता एकदम बदलला. आता समोर पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपनीचे पान. हे नेहमीचेच आहे. सुरुवात खऱ्या पानावरून केली असेल आणि रक्कम तीच असेल तर घाबरायचे कारण नाही. पण ज्या माणसाला आपण आत्ताच पत्ता तपासायला शिकवले, तो इथे थबकतो आणि मागे फिरतो. ‘आता तुम्ही अमुक बँकेच्या पानावर जात आहात’ एवढे एक वाक्य मध्ये दाखवायला काय हरकत आहे? पुढे यूपीआयचा पिन टाकण्याआधी ज्याला पैसे जाणार त्याचे नाव दिसते. तिथे महापालिकेचे पूर्ण नाव दिसायला हवे. आपल्याकडे तिथे इंग्रजी अक्षरांची एक जुडी दिसते, जिचा अर्थ मला बँकेत नोकरी करूनही लागला नाही. खोटे पान पकडले जाण्याची शेवटची जागा हीच असते, कारण पानावर काहीही लिहिता येते पण हे नाव बँकेतल्या नोंदीवरून येते. ती जागा आपण वाया घालवली आहे.

आणि पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर? लोक घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरतात. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम असा की यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला भरलेली रक्कम खात्यातून गेली आणि पुढे खात्री मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणून थांबावे, मिळकत क्रमांक टाकून पालिकेच्या पानावर जमा दिसते का ते पाहावे आणि मगच पुन्हा भरावे. हे पानावर लिहिलेले हवे. ते नाही, म्हणून मी सोसायटीच्या फलकावर हाताने लिहून लावले आहे.

चौथी तक्रार मला सर्वात महत्त्वाची वाटते. आपल्या सूचनेने ‘इतर संकेतस्थळे’ म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत टाकले आहे. खासगी सगळेच वाईट नाही. बँकांच्या आणि यूपीआयच्या अॅपमध्ये पाणी, घरपट्टी भरण्याची जी सोय असते ती बहुतेक ठिकाणी भारत बिल पेमेंट प्रणालीतून चालते. आता तिचे नाव भारत कनेक्ट आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली आणि राष्ट्रीय भुगतान निगमाच्या उपकंपनीमार्फत चालते. तिथे पालिका स्वतः नोंदवलेली असते. खूण अशी की मिळकत क्रमांक किंवा पाण्याचा ग्राहक क्रमांक टाकल्यावर मालकाचे नाव आणि आजची मागणी अॅप स्वतः आणून दाखवते. त्यामुळे सवलत संपली असेल तर वाढलेली रक्कम दिसते, जुनी नाही. काकूंच्या पानाने रक्कम त्यांनाच टाकायला सांगितली, कारण त्या पानाचा पालिकेच्या हिशेबाशी काही संबंधच नव्हता. जे पान तुमची थकबाकी तुम्हालाच विचारते ते पान सोडून द्यावे, असे मी आता सगळ्यांना सांगते. क्वचित खरे पानही काही भाग भरण्यासाठी रक्कम टाकू देते, पण आधी पूर्ण मागणी दाखवून मग.

भारत कनेक्टवर काही अॅप थोडे शुल्क लावतात, ते भरण्याआधी दिसते आणि ते द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण कोणते मार्ग पालिकेला मान्य आहेत आणि तिथे पैसे कापले गेल्याची तारीख सवलतीसाठी धरली जाते की पालिकेकडे जमा झाल्याची, हे जाहीर करणे आपल्याच हातात आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात या एका प्रश्नावर शेकडो रुपयांचा फरक पडतो आणि आपल्या विभागात त्याचे उत्तर विचारावे तर प्रत्येक टेबलावर वेगळे मिळते.

मेसेजबद्दल थोडक्यात. ‘आज रात्री तुमचा पाणीपुरवठा बंद होईल, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क करा’ असे मेसेज सोसायटीतल्या लोकांना येतात. आधी ते विजेच्या नावाने यायचे. बहुधा साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून असतात, आणि फोन केला की एखादे अॅप उतरवून घ्यायला सांगतात. शासकीय मेसेजच्या प्रेषक नावाच्या शेवटी -G असावे, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2025 मध्ये नियम केला. आपल्या पालिकेचे प्रेषक नाव नक्की काय, हे बिलावर छापले तर लोकांना ताडून पाहता येईल.

बिलावरच्या त्या क्यूआर कोडबद्दलही एक सांगायचे आहे. तो थेट पैसे भरण्याचा आहे, आणि त्याच्या खाली तो कोणाचा आहे ते लिहिलेले नाही. चौकातल्या फलकावर आपण तोच छापला. त्यावर कोणी रात्रीतून दुसरा चिकटवला तर सकाळी कोणाच्या लक्षात येणार?

आता मागण्या. त्या फार खर्चाच्या नाहीत.

घरपट्टी आणि पाणीपट्टीचा भरणा gov.in च्या पत्त्यावर आणा, आणि त्यासाठी तारीख जाहीर करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना bank.in वर जाण्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली होती. शेकडो शाखांचे व्यवहार सांभाळणाऱ्या बँकांना जे सांगता येते ते नगरविकास विभागाला महापालिकांना आणि नगरपरिषदांना सांगता यायला हवे. पण एक काळजी घ्या. जुना पत्ता लगेच सोडून देऊ नका. तो वर्षानुवर्षे लोकांच्या मोबाइलमध्ये, जुन्या बिलांवर, बातम्यांत जाऊन बसलेला आहे. नोंदणीचे नूतनीकरण थांबले की तो कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग पालिकेचा विश्वास त्याला आयता मिळतो. जुना पत्ता पालिकेच्याच नावावर ठेवा आणि त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्यावर न्या. कंत्राटदार कंपनीच्या नावावर नोंदणी असेल तर ती आधी पालिकेच्या नावावर करून घ्या. कंत्राट संपल्यावर पत्ता कोणाकडे राहतो, हा प्रश्न आपल्या निविदेत आहे का ते कृपया तपासून पाहा.

बिलाच्या दर्शनी बाजूला, एकूण रकमेच्या शेजारी, भरण्याचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत छापा. पाण्याचे पान वेगळे असेल तर दोन्ही. जिथे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते, जसे अंबरनाथ-बदलापुरात, तिथे पाण्याचे बिल पालिकेच्या पानावर भरता येत नाही हेही छापायला हवे. बिलावरचा क्यूआर कोड पैसे भरण्याच्या पडद्याऐवजी संकेतस्थळावर नेणारा ठेवा, म्हणजे माणसाला मध्ये पत्ता वाचायची संधी मिळेल.

मान्य भरणा मार्गांची यादी संकेतस्थळावर आणि नागरी सुविधा केंद्रांच्या भिंतीवर लावा. त्यात यूपीआयवर दिसणारे पालिकेचे नाव द्या. मान्य मार्गाने पैसे ज्या दिवशी खात्यातून कापले गेले तो दिवस सवलतीसाठी धरला जाईल, असा लेखी आदेश काढा.

चुकीच्या पानावर भरणा झालेल्यांसाठी करसंकलन विभागात एका अधिकाऱ्याचे नाव ठरवा. नागरिकाने बँकेचा व्यवहार क्रमांक आणि खात्याचा उतारा दिला, आणि रक्कम पालिकेकडे आल्याचे पालिकेच्याच नोंदीत दिसले, तर त्या रकमेवरची शास्ती थांबवा आणि निर्णय होईपर्यंत हस्तांतरण किंवा दाखला अडवू नका. रक्कम आलीच नसेल तर तिथेच त्याला 1930 हा सायबर मदत क्रमांक आणि cybercrime.gov.in सांगा. या प्रकारात पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवायला पहिले काही तासच हाताशी असतात, आणि ते आपल्या खिडक्यांवर रांगेत उभे राहण्यात जातात.

शेवटची मागणी. कर भरण्याच्या हंगामात आपल्या विभागातल्या एका माणसाने रोज पाच मिनिटे मोबाइलवर शहराचे नाव टाकून शोधावे आणि वर काय येते ते पाहावे. पालिकेची मुद्रा किंवा नाव वापरून पालिकेशी संबंध असल्याचा आभास कोणी निर्माण करत असेल तर जाहिरात कंपनीकडे तक्रार करावी. 1950 चा बोधचिन्हे व नावांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात स्थानिक प्राधिकरणाशी संबंध असल्याचे सूचित करणारी नावेही येतात. त्याखालचा खटला केंद्र सरकारच्या मंजुरीने चालतो, त्यामुळे नागरिकाने एकट्याने हे करणे अवघड आहे. महापालिकेच्या शिक्क्याने गेलेल्या पत्राचे वजन वेगळे असते.

काकूंचे 310 रुपये आणि शास्ती आम्ही रोखीने भरली, दाखला मिळाला, हस्तांतरण झाले. कंपनीने घेतलेले 249 रुपये गेले ते गेले. त्यांची घरपट्टी आता मी पालिकेच्या पानावर भरते, पण सोसायटीतल्या सगळ्यांची मी भरू शकत नाही.

पुढच्या आर्थिक वर्षाची बिले छापायला जाण्याआधी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे. पत्त्याची ओळ कुठे बसवायची हा प्रश्न पडलाच, तर मागची ती दोन ओळींची सूचना काढल्यावर जागा होईल.

आपली,
एक करदाती आणि गृहनिर्माण सोसायटीची सचिव